सकाळची स्टिरॉइडची गोळी आणि दुपारनंतर चढणारी शुगर

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की डॉक्टर सांगतात, ‘मधेमधे शुगर बघत जा.’ मुंबईत याचा अर्थ बहुतेक घरांत एकच होतो. लॅबचा माणूस सकाळी सातला घरी येतो, उपाशीपोटी रक्त घेतो आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी पुन्हा येतो. संध्याकाळपर्यंत फोनवर रिपोर्ट येतो, फास्टिंग ९८, पीपी १५२. घरातले निर्धास्त होतात. पण त्याच माणसाची त्याच दिवशी दुपारी साडेतीनला शुगर २६८ असू शकते. लॅबने काही चुकवलेलं नसतं. रक्त अशा वेळी घेतलेलं असतं, जेव्हा गोळीचा शुगरवरचा परिणाम अजून पुरता सुरूच झालेला नसतो.

इथे फक्त एका परिस्थितीबद्दल लिहिलं आहे. प्रेडनिसोलोनची गोळी, म्हणजे दुकानात वायसोलोन किंवा ओम्नाकॉर्टिल अशा नावांनी मिळणारी, दिवसातून एकदा, सकाळी नाश्त्यानंतर. दमा उसळला, सांधे सुजले, प्लेटलेट घसरल्या, किडनीतून प्रथिनं जायला लागली, अशा कितीतरी आजारांत ती याच पद्धतीने देतात. सकाळीच देण्यामागे कारण आहे. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वांत जास्त असतं, त्याच्या तालावर गोळी बसते आणि रात्रीची झोपही कमी बिघडते.

गोळी पोटात गेल्यावर तासा-दोन तासांत औषध रक्तात भरपूर पोचतं. शुगरवरचा परिणाम मात्र त्यानंतर बराच उशिरा दिसतो, कारण स्टिरॉइड पेशींच्या आत जाऊन तिथल्या कामाची पद्धत बदलतं आणि त्याला वेळ लागतो. स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद द्यायचं कमी करतात, त्यामुळे जेवणातून आलेली साखर रक्तातच रेंगाळते. यकृत जास्त साखर बनवून रक्तात सोडतं. स्वादुपिंडाने अशा वेळी जास्त इन्सुलिन सोडायला हवं, पण त्याचाही हात आखडतो. हे सगळं साधारण चौथ्या ते आठव्या तासात सर्वांत जोरात असतं आणि बारा ते सोळा तासांत ओसरत जातं. रात्री झोपेत परिणाम उतरतो, पोटात अन्नही नसतं, म्हणून सकाळी उठल्यावर शुगर पुन्हा जागेवर आलेली दिसते. मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत उपाशीपोटीच्या आकड्याला जे वजन असतं, ते इथे म्हणूनच देता येत नाही.

एक दिवस डोळ्यांसमोर आणू. समजा, गिरगावात राहणाऱ्या ५८ वर्षांच्या एक काकू आहेत. आधी मधुमेह नव्हता, आईला होता. त्यांना ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू होऊन पाच दिवस झालेत. सव्वाआठला पोहे, साडेआठला गोळी. दुपारी दीडला दोन पोळ्या, भाजी, आमटी-भात. पावणेसहाला गोड चहा आणि दोन खाऱ्या. रात्री सव्वानऊनंतर जेवण. एका दिवसापुरतं घरच्या ग्लुकोमीटरवर जागोजागी बघितलं तर साधारण असं चित्र दिसेल.

सकाळी ७ वाजता, उपाशीपोटी: ९८
१०.३० वाजता, पोह्यांनंतर सुमारे दोन तासांनी: १५२
१.१५ वाजता, जेवणाआधी: १४९
३.३० वाजता, जेवणानंतर दोन तासांनी: २६८
५.४५ वाजता, चहाआधी: २२६
९.१५ वाजता, रात्रीच्या जेवणाआधी: १९४
११.३० वाजता, झोपताना: २२१
दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता: १०२

यातला दुपारी सव्वाचा आकडा नीट बघा. १४९ म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण पोहे खाऊन पाच तास झालेत, मधे काही खाल्लेलं नाही. साडेदहाला १५२ असलेली शुगर आतापर्यंत शंभरच्या आसपास यायला हवी होती. ती तिथेच अडकून राहिली आहे, म्हणजे गोळीचा जोर सुरू झाला आहे. त्यावर जेवण आलं आणि दोन तासांत २६८. संध्याकाळी चहाआधी, जेवणाला चार तास उलटल्यावरसुद्धा २२६. पाचव्या दिवशीही सकाळचे दोन्ही आकडे असे आहेत की फक्त तेवढेच बघणाऱ्याला काही कळणार नाही.

मग कधी बघायचं? नियम सोपा आहे. गोळी घेतल्याची वेळ लिहा, त्यात चार आणि आठ तास मिळवा, त्या पट्ट्यात कोणतं जेवण येतं ते बघा आणि त्या जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासा. काकूंच्या बाबतीत गोळी साडेआठची, म्हणजे पट्टा साडेबारा ते साडेचारचा. त्यात दीडचं जेवण येतं, म्हणून तपासणी साडेतीनला. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुऊन उठल्यापासून नाही. जेवण रेंगाळत पाऊण तास चाललं तर या दोन्हींत मोठा फरक पडतो.

दिवसाला एकच स्ट्रिप परवडत असेल तर ती इथेच वापरा. दुसरी असेल तर ती संध्याकाळच्या चहाआधी, म्हणजे पाच-सहाच्या दरम्यान. परदेशी सूचनांमध्ये ‘संध्याकाळच्या जेवणाआधी’ असं लिहिलेलं असतं. तिकडे ते जेवण संध्याकाळी सहा-सातला होतं. आपण ऑफिसातून, लोकलमधून घरी पोचून नऊ-साडेनऊला जेवतो. तोवर गोळीला बारा-तेरा तास झालेले असतात आणि आकडा उतरणीला लागलेला असतो. काकूंचा सव्वानऊचा १९४ एकटा बघितला तर ‘थोडी वाढलीय’ एवढंच वाटेल. म्हणून ‘रात्रीच्या जेवणाआधी’ हे शब्द जसेच्या तसे उचलू नका, घड्याळ आणि गोळी यांच्यावरून ठरवा.

ज्यांची दिनचर्या वेगळी आहे त्यांनाही हाच हिशोब लागू पडतो. रात्रपाळी करून सकाळी झोपणारा माणूस उठून दुपारी दोनला काही खाऊन गोळी घेत असेल, तर त्याचा पट्टा संध्याकाळी सहा ते रात्री दहाचा. त्याने दुपारी तीनला बघून काही हाती लागणार नाही. गोळी सकाळी विसरून अकराला घेतली असेल तर त्या दिवशीची तपासणीही अडीच तास पुढे सरकवा आणि वहीत तशी नोंद करा. डॉक्टरांनी डोस सकाळ-दुपार असा दोनदा विभागून दिला असेल, तर चढ संध्याकाळकडे लांबतो आणि रात्री पुरता उतरत नाही. मग झोपतानाचा आणि सकाळचा आकडाही बघावा लागतो.

औषध कोणतं, हेही एकदा चिठ्ठीवर बघून घ्या. मिथाइलप्रेडनिसोलोन आणि आपल्याकडे बरंच वापरलं जाणारं डेफ्लाझाकॉर्ट यांची चाल साधारण प्रेडनिसोलोनसारखीच असते. डेफ्लाझाकॉर्टचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे सुमारे ५, एवढं लक्षात ठेवलं की डोस किती मोठा आहे ते कळतं. डेक्सामेथासोन मात्र वेगळं आहे. त्याचा परिणाम दीड दिवसाहून जास्त टिकतो, त्यामुळे फास्टिंगही चढलेलं राहतं आणि वर सांगितलेला सकाळ-दुपारचा ठळक फरक दिसत नाही.

मधुमेह आधीपासून नसेल तर पहिल्या दिवसापासून रोज एकदा, त्या चढाच्या वेळी बघायला लागा. वाढ एक-दोन दिवसांतच दिसू शकते, आठवडाभर थांबण्यात अर्थ नाही. आकडा सतत १४०च्या आत राहिला तर तपासण्या कमी करायच्या का, ते डॉक्टर ठरवतील. दोन दिवस १८०च्या वर आला तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. ब्रिटनमधल्या मधुमेहतज्ज्ञांच्या सूचनांमध्ये १२ मिलिमोल, म्हणजे आपल्या मापात सुमारे २१६, ही रेघ मानली आहे. त्याच्यावर गेलं की दिवसातून चार वेळा बघायला लागायचं. ज्यांना मधुमेह आधीपासून आहे त्यांनी स्टिरॉइड सुरू होताच चार वेळा बघावं: सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, चहाआधी आणि झोपताना. दुपारच्या जेवणानंतरची पाचवी वेळ एक दिवसाआड जोडता आली तर शिखर किती उंच आहे तेही कळेल.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी या कामाला उपयोगाची नाही. गोळ्या सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील तर त्या सरासरीत हे चौदा दिवस जेमतेम डोकावतात. गोळी सुरू करतानाच ती एकदा करून ठेवली तर फायदा मात्र होतो. आधीपासून लपलेला मधुमेह होता की गोळीने शुगर वाढवली, हे नंतर सांगता येतं.

आकडा खरा आहे ना, हे बघण्याची काळजी थोडीशी हवी. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. आंबा कापून किंवा चहात साखर घालून तेच बोट टोचलं तर बोटावरची साखर रक्तात मिसळून आकडा शंभरानेही फुगू शकतो. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. स्ट्रिपांची डबी प्रत्येक वेळी लगेच घट्ट बंद करा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या स्ट्रिपा खराब होतात आणि मग आकडे कसेही येतात. त्या डबीतून काढून कागदात बांधून पर्समध्ये नेण्याची सवय म्हणूनच वाईट. ऑफिसला जाताना अख्खी डबी आणि मीटर सोबत न्या. साडेतीनची वेळ डेस्कवर बसूनच साधायची आहे, घरी पोचून सातला नाही. मीटरचा आकडा लॅबपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असणं चालतं. म्हणजे २६८च्या जागी २४० किंवा ३०० दिसलं तरी अर्थ तोच राहतो, पण एकाच आकड्यावर घाबरून औषध बदलू नका. विचित्र आकडा आला की हात धुऊन नव्या स्ट्रिपवर पुन्हा बघा.

तपासणीच्या दिवशी भात टाळून, चहा बिनसाखरेचा पिऊन ‘चांगला आकडा’ आणायचा मोह होतो. त्याने फक्त वही चांगली दिसते. रोज जेवता तसंच जेवा, म्हणजे डॉक्टर ठरवतील तो उपाय तुमच्या खऱ्या जेवणाला जुळेल. शेजारी एका ओळीत दोनच गोष्टी लिहा, गोळी किती वाजता आणि किती मिलिग्रॅम. त्यांच्याशिवाय नुसत्या आकड्यांवरून फारसं काही ठरवता येत नाही.

आता उपचारांबद्दल, कारण वेळ चुकली तर इथेच नुकसान होतं. ज्यांना रात्री लांब टिकणारं इन्सुलिन चालू आहे, त्यांनी संध्याकाळचे २२०-२५० आकडे बघून मनाने ते दोन-चार युनिट वाढवलं तर काय होईल? चढ असतो दुपारी, इन्सुलिन काम करतं रात्रभर आणि पहाटेही. गोळीचा जोर ओसरलेला, पोट रिकामं, वर वाढवलेलं इन्सुलिन. पहाटे तीन-चारला घाम फुटतो, हात थरथरतात, शुगर साठच्या खाली. दुपारी मात्र पुन्हा २५०. म्हणूनच डॉक्टर अशा वेळी बहुधा सकाळी, गोळीच्या वेळेलाच, एनपीएच नावाचं इन्सुलिन देतात. त्याचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांत असतो, म्हणजे गोळीच्या चढाशी जुळतो. युनिट किती, ते वजन आणि स्टिरॉइडचा डोस यांवरून ठरतं, ते स्वतः ठरवू नये. शुगरची गोळी द्यायची असेल तर तीही सकाळी परिणाम सुरू करणारी बघून देतात. ग्लिमेपिराइडसारखी दिवसभर टिकणारी गोळी चालू असेल तर झोपतानाचा आणि सकाळचा आकडा जपून बघा, रात्री शुगर पडू शकते.

शुगर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, अजून कमी असेल तर परत तेवढीच. वर आल्यावर दोन बिस्किटं किंवा थोडा भात. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटलला न्या.

उलट बाजूला, आकडा ३००च्या वर टिकून राहिला आणि त्याच्यासोबत सतत तहान, तासातासाला लघवी, उलट्या, झोपाळूपणा किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वयस्क माणसाच्या शरीरातलं पाणी अशा वेळी फार झपाट्याने घटतं. २०२१ साली महाराष्ट्रात कोविडनंतर काळ्या बुरशीचे जे रुग्ण आढळले, त्यांतल्या कित्येकांमध्ये मधुमेह, वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड हे एकत्र होते. गोळ्या चालू असताना गालाच्या किंवा डोळ्याच्या एका बाजूला सूज, दुखणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, दिसण्यात फरक, असं काही आलं तर एक रात्रही थांबू नका.

शुगर वाढली म्हणून स्टिरॉइडची गोळी स्वतः बंद करू नका, हे ठळकपणे सांगायला हवं. तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यावर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं. गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब पडतो, उलट्या होतात, जीवही धोक्यात येऊ शकतो. आजार ज्यासाठी गोळी चालू आहे, तोही उसळतो. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात.

आणि या उतरणीवर सर्वांत जास्त घसरायला होतं, कारण शुगर उतरते, पण शुगरचं औषध तितकंच राहतं. काकूंना ४०वर सकाळी १६ युनिट एनपीएच सुरू झालं आणि दुपारचा आकडा १६०-१७०वर आला, असं धरू. दोन आठवड्यांनी गोळी २० मिलिग्रॅमवर आली. इन्सुलिन तसंच १६ ठेवलं तर चढ अर्ध्यावर आलेला असताना इन्सुलिन पूर्ण मिळतं, आणि जेवणाआधी किंवा संध्याकाळी शुगर पडू शकते. म्हणून स्टिरॉइडचा डोस बदलायची चिठ्ठी मिळाली की त्याच भेटीत विचारा, ‘आता इन्सुलिन किती?’ प्रत्येक उतरणीनंतर तीन-चार दिवस दुपारच्या जेवणाआधी, साडेतीनला आणि चहाआधी बघा. जेवणाआधीचा आकडा शंभरच्या खाली सरकायला लागला तर ती पुढच्या आठवड्यात इन्सुलिन कमी करायची सूचना नाही, आजच फोन करायची सूचना आहे. एक दिवसाआड गोळी घेणाऱ्यांनी दोन्ही दिवशी बघावं. गोळी नसलेल्या दिवशी तेवढंच इन्सुलिन घेतलं तर शुगर पडते, म्हणून अशांना दोन दिवसांचे दोन वेगळे डोस लागू शकतात.

गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर दुपारचा आकडा चार-पाच दिवस बघा. तो १४०च्या खाली राहिला, शुगरचं औषधही थांबलं, तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करून घ्या. पुन्हा कधी स्टिरॉइड सुरू करायची वेळ आली, तर मागच्या वेळी शुगर किती चढली होती ते डॉक्टरांना आधी सांगा आणि पहिल्याच दिवशी दुपारी साडेतीनला बोट टोचा.